मोजून ३६ सेकंद, लागतात ४१. माझा स्टँडर्ड टाइम चुकला कुठे?

टाचणी

मंडळी, हिशोबात कुठेतरी पाणी मुरतंय आणि मला ते सापडत नाहीये. हाताने जुळवायचा एक छोटा व्हॉल्व्ह आहे. उभ्याने करायचं काम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच ऑपरेटरकडे. बॉडी उचलून फिक्स्चरमध्ये बसवायची, ओ-रिंगला ग्रीस लावून ती खाचेत बसवायची, स्प्रिंग आणि प्लंजर आत सोडायचे, झाकण ठेवून हवेवर चालणाऱ्या स्क्रूड्रायव्हरने चार स्क्रू आवळायचे, मग नग काढून, बघून ट्रेत ठेवायचा.

मी दहा सायकली मोजल्या. सरासरी सेकंदांत अशी आली: बॉडी ४.१, स्प्रिंग-प्लंजर ५.०, झाकण आणि स्क्रू १२.०, बघून ट्रेत ५.६. ओ-रिंगची दहाही रीडिंग देतो, कारण तिथेच गंमत आहे:

९.२, ८.६, १०.४, ९.०, ८.८, १७.५, ९.६, ११.२, ८.७, ९.५

त्यातलं १७.५ विचित्र वाटलं म्हणून काढलं. उरलेल्या नऊची सरासरी ९.४. सगळं मिळून ३६.१ सेकंद. ऑपरेटर ताई जरा सावकाश करत होत्या, म्हणून वेगाचं रेटिंग ९० दिलं, ते झाले ३२.५. वर विश्रांती-थकव्यासाठी १० टक्के अलाउन्स, म्हणजे ३५.८ सेकंद. शिफ्ट ४८० मिनिटांची, जेवणाची ३० वजा करून ४५०. या हिशोबाने ७५४ नग व्हायला हवेत.

होतात ६४० ते ६६०. तेही ताई कुठे वेळ काढताना दिसत नाहीत तरी. सुपरवायझर म्हणतात ऑपरेटर ढिले, ऑपरेटर म्हणतात तुमचं घड्याळ खोटं. मला वाटतंय चूक माझी आहे, पण नेमकी कुठे?

गडबडगुंडा

रोजची मागणी किती नगांची आहे ते आधी सांगा. उपलब्ध वेळाला मागणीने भागलं की टाक्ट मिळतो, आणि तेवढ्यात एक नग निघाला की झालं. घड्याळ घेऊन मागे उभं राहायची गरजच काय?

टाचणी

मागणी ६०० च्या आसपास आहे, ती पुरी होते. माझा प्रश्न वेगळा आहे. हे काम माणसाला *किती वेळाचं आहे* हे मला हवंय. गिऱ्हाईक किती मागतो त्यावरून ते कसं कळणार? उद्या मागणी दुप्पट झाली तर रिंग काही आपोआप लवकर बसणार नाही.

जुना_मापाडी

उत्तर द्यायच्या आधी चार गोष्टी विचारतो. १७.५ सेकंदांच्या वेळी नेमकं काय घडलं, ते शीटवर लिहिलंत का? रेटिंग कधी दिलंत, मोजताना की नंतर? ट्रे भरली की कोण बदलतं? आणि कामाचा एक टप्पा, म्हणजे एलिमेंट, संपून दुसरा सुरू झाला हे कशावरून ठरवलंत?

टाचणी

१७.५ : रिंग पिळली गेली, ती काढून ताईंनी पुन्हा बसवली.
रेटिंग : नंतर, टेबलावर येऊन, पूर्ण सायकलला एकच.
ट्रे : २० नगांची आहे, ताईच बदलतात. माझ्या दहा सायकलींत बदल आलाच नाही. आत्ता लिहिताना लक्षात येतंय की स्क्रूचा डबाही त्याच भरतात, १०० नगांनंतर.
एलिमेंटची हद्द : नजरेने. हात पुढच्या भागाकडे वळला की बटण.

सरळरेषा

१७.५ काढलंत ते योग्यच केलंत. गटाबाहेरचं रीडिंग वगळायचं असतं. तुमची खरी अडचण म्हणजे रीडिंग कमी आहेत. किती हवीत त्याचं सूत्र आहे, ±५ टक्के अचूकता आणि ९५.४५ टक्के खात्रीसाठी:

```
N = ( 40 * √( n·Σx² − (Σx)² ) / Σx )²
```

तुमचे आकडे घालून पाहिले. १७.५ वगळलं तर ओ-रिंगसाठी १२ रीडिंग पुरतात. ठेवलं तर ९८ लागतात! एका रीडिंगने केवढा गोंधळ घातलाय बघा. ते काढून टाका, आणखी दोन-चार सायकली मोजा, विषय संपला.

जुना_मापाडी

सरळरेषा, तुमचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष नाही. १२ चे ९८ झाले यावरून ते रीडिंग चुकीचं ठरत नाही. दोन वेगळी कामं एका रकान्यात कोंबली गेलीत, एवढंच त्यातून दिसतं. "रिंग बसवणे" हे एक काम. "पिळलेली रिंग काढून परत बसवणे" हे दुसरं, अधूनमधून येणारं. हे सूत्र एकाच जातीच्या रीडिंगसाठी आहे, दोन ढीग एकत्र केले की ते असंच ओरडणार.

रीडिंग वगळायला माझ्याकडे एकच कसोटी आहे: जे घडलं ते कामाचा भाग होतं का? कोणी बोलायला येऊन थांबलं, मोजणाऱ्याचा धक्का लागून स्प्रिंग पडली, तुमचं बटण उशिरा दाबलं गेलं, तर खुशाल काढा. पण रिंग पिळते ती रबराच्या आणि खाचेच्या स्वभावामुळे. तुम्ही नसतानाही पिळते. ती ऑपरेटरने दिवसभर सोसायची आणि हिशोबात मात्र नाही, याला काय अर्थ?

म्हणून ओ-रिंगचा नेहमीचा वेळ नऊ रीडिंगांचाच धरा. पिळण्याचा वेगळा एलिमेंट करा आणि किती नगांत एकदा पिळते ते मोजा. त्याला स्टॉपवॉच नको, कागद-पेन्सिल पुरे. मात्र दहा नगांवर ठरवू नका, निदान दोनशे नग बघा.

हद्दीबद्दल: जमेल तिथे ती कानाने पकडा. ड्रायव्हरचा क्लच सुटतो तो "कट्" आवाज, बॉडी फिक्स्चरवर टेकते तो आवाज. हात वळला की बटण, यात प्रत्येक वेळी दोन-तीन दशांश सेकंद इकडचे तिकडे होतात. चार सेकंदांच्या एलिमेंटमध्ये ते चांगलेच जाणवतात.

हातोडी

मी सहा वर्षं असेंब्लीच्या टेबलावर काढली आहेत, म्हणून पलीकडच्या बाजूने लिहितो. कोणी घड्याळ घेऊन मागे उभं राहिलं की हात बदलतो. काही जण मुद्दाम हळू करतात हे तुम्हाला माहीतच आहे. मी उलटा होतो, घाबरून घाई करायचो आणि रिंग जास्त पिळायची. तेव्हा पिळण्याची मोजणी तुम्ही समोर उभं राहून केलीत तर आकडा फुगेल. ऑपरेटरलाच रेघोट्या मारायला सांगा.

आणखी एक. आम्ही चार स्क्रू एकेक उचलत नसू. मूठभर तळहातात घ्यायचे आणि बोटांनी पुढे सरकवत जायचे. त्यामुळे एका नगाचे स्क्रू मागच्याच नगात उचललेले असायचे. तुमच्या ताई तसं करत असतील तर १२ सेकंदांच्या आत-बाहेर काय काय आहे ते एकदा नीट बघा.

टाचणी

हातोडी, रेघोट्यांची कल्पना उत्तम. ताईंना कागद दिला आणि मी बाजूला झालो. २१० नगांत १४ वेळा पिळली, म्हणजे १५ नगांत एकदा. दर वेळी जादा जातात साधारण ८ सेकंद (१७.५ मधून ९.४). एका नगावर अर्धा सेकंद, ०.५३.

स्क्रू त्या दोन-दोन करून उचलतात, पुढच्या नगाचे आधीच घेत नाहीत. एवढं तरी नशीब.

आता रेटिंग. ९० कशावरून दिलं असं कोणी विचारलं तर माझ्याकडे "सावकाश वाटल्या" याहून वेगळं उत्तर नाही.

सरळरेषा

१०० म्हणजे काय ते आधी डोळ्यात बसवा. ५२ पत्ते चौघांना वाटायला २२.५ सेकंद, किंवा ताशी ६.४ किमी चाल. हा १०० चा वेग. त्याच्याशी तुलना करायची.

लपेटा

आम्हाला शिकवलं ते ३० सेकंद आणि ताशी ४.८ किमी. २२.५ मध्ये पत्ते वाटणारा माणूस दिवसभर टिकायचा नाही हो.

(मी शिलाईच्या लाइनवर आहे. आमच्याकडे रेटिंग जवळपास कोणी देतच नाही, मशीनचा वेग बघतात आणि पुढे जातात. त्यामुळे माझं मत जपूनच घ्या.)

जुना_मापाडी

दोघंही बरोबर आहात, आणि घोळ इथूनच सुरू होतो. मोजपट्ट्या दोन आहेत. एकीवर १०० म्हणजे कामाची उमेद असलेल्या, सरावलेल्या माणसाची चलाख गती: ६.४ किमी, २२.५ सेकंद. दुसरीवर १०० म्हणजे साध्या रोजंदारीची गती: ४.८ किमी, ३० सेकंद. पहिलीवरचे ७५ म्हणजे दुसरीवरचे १००. पट्टी न सांगता नुसतं "९० दिलं" म्हणणं म्हणजे "तापमान ४०" म्हणून एकक न सांगणं. टाचणी, तुम्ही कुठल्या पट्टीवर शिकलात आणि तुमच्या इतर लाइनींचे वेळ कुठल्या पट्टीवर आहेत, दोन्ही तपासा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ओ-रिंग बसवताना ताईंचे हात हळू चालतात. ते काम तसं आहे म्हणून, की ताई हळू आहेत म्हणून? बारीक रिंग, ग्रीसने निसरडी झालेली, खाच अरुंद. तिथे कोणाचेही हात हळूच चालणार. ती हळुवार गती कामाचीच आहे, तिला ९० देऊन तुम्ही ऑपरेटरचा वेळ कापलात. रेटिंग देताना विचारायचं ते इतकंच: *याच कामावर* सरावलेला माणूस कसा दिसेल? म्हणून रेटिंग एलिमेंटवार द्यायचं, मोजतानाच, आणि शक्यतो घड्याळाचा आकडा बघायच्या आधी. आकडा आधी दिसला की मन त्याला जुळेल असंच रेटिंग शोधतं. मी स्वतः या मोहात कितीदा पडलोय, सांगायची सोय नाही.

तिसरं: स्क्रू आवळायचा ड्रायव्हर आपल्या वेगाने फिरतो. ताईंनी कितीही मनावर घेतलं तरी तो वेळ बदलत नाही. तो वेगळा काढा आणि त्याला १००च धरा.

टाचणी

पट्टी तपासली. मी ४.८ वाली शिकलोय, आमच्या सेलचे वेळही त्यावरच आहेत. शेजारच्या सेलचे जुने वेळ मात्र ६.४ वाल्या पट्टीवर निघाले! दोन्ही सेलची टक्केवारी दर महिन्याला एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी छापली जाते. तो विषय आज उघडत नाही.

पुन्हा ३० सायकली मोजल्या, एलिमेंटवार रेटिंग देत. सरासरी वेळ जवळपास तेच आले. ड्रायव्हर फिरण्याचा वेळ चार स्क्रूंचा ५.६ सेकंद, म्हणजे १२ पैकी हाताचे ६.४.

```
बॉडी              4.1 × 0.90        =  3.69
ओ-रिंग            9.4 × 1.00        =  9.40
स्प्रिंग-प्लंजर     5.0 × 0.95        =  4.75
स्क्रू, हात         6.4 × 0.95        =  6.08
स्क्रू, ड्रायव्हर    5.6 × 1.00        =  5.60
बघून ट्रेत         5.6 × 0.90        =  5.04
रिंग पिळणे        8.0 × 1.00 / 15   =  0.53
ट्रे बदल           24 × 0.95 / 20    =  1.14
स्क्रू भरणे         40 × 1.00 / 100   =  0.40
एकूण                                  36.63
```

आधी ३२.५ होते, आता ३६.६. चार सेकंद माझ्याच खिशातून पडले होते म्हणायचे.

अलाउन्सचं काय करू? १० टक्के कुठून आले ते मलाही माहीत नाही. जुन्या शीटवर होते, तेच पुढे चालवले.

जुना_मापाडी

१० टक्के बहुतेक ठिकाणी असेच वारशाने येतात. रचून बघा. वैयक्तिक गरजांसाठी ५, मूळ थकव्यासाठी ४. उभं राहून काम आहे त्याचे २, बारीक काम आणि नजरेला ताण याचे २. झाले १३. हवेचा दाब पडणं, एखादा खराब भाग हाती लागणं अशा किरकोळ अडथळ्यांसाठी २ धरले तर १५. हे शेवटचे दोन मात्र अंदाजाने ठेवू नका. लाइनवर एक-दोन दिवस थांब्यांची नोंद करा आणि मग ठरवा.

दोन सापळे सांगतो. रिंग पिळण्याचा वेळ तुम्ही आता एलिमेंटमध्ये धरलाय, तो पुन्हा "अडथळे" म्हणून अलाउन्समध्ये येता कामा नये. आणि चहाची सुट्टी! ती तुमच्या ४५० मिनिटांच्या आत आहे की बाहेर?

टाचणी

आत. दहा-दहा मिनिटांच्या दोन.

जुना_मापाडी

मग ठीक. त्या अलाउन्समधूनच भागतात. १५ टक्के म्हणजे ४५० मिनिटांत साधारण ५९ मिनिटं, त्यातली २० चहाची. सुट्टी शिफ्टमधूनही वजा केली असतीत तर एकच विश्रांती दोनदा दिल्यासारखं झालं असतं.

लपेटा

आमच्याकडे १५ टक्के म्हटलं की ०.८५ ने भागतात. तुमच्याकडे गुणता का?

टाचणी

१.१५ ने गुणलं तर ४२.१ सेकंद, ६४१ नग. ०.८५ ने भागलं तर ४३.१ सेकंद, ६२६ नग. दिवसाला १५ नगांचा फरक! बरोबर कुठलं?

जुना_मापाडी

१५ टक्के *कशाचे* त्यावर आहे. मी वर दिलेले आकडे कामाच्या वेळावर चढवायचे आहेत, म्हणून गुणा. "शिफ्टच्या १५ टक्के वेळ कामाचा नसतो" असं मोजून ठरवलं असेल तर भागा. लपेटा, तुमचा आकडा कुठून आलाय त्यावर तुमचं उत्तर अवलंबून.

लपेटा

कुठून आलाय हे विचारायला गेले तर मलाच उलट विचारतील की तुला कशाला हवंय.

सरळरेषा

एक मिनिट. लाइन ६४० ते ६६० काढते आणि आता स्टँडर्ड आला ६४१. काय योगायोग! टाचणींनी आकडा जुळेपर्यंत रेटिंग वाढवत नेलं आणि आपण टाळ्या वाजवतोय. ओ-रिंगला आधी ९०, आता १००. तिथे ९५ दिलं असतं तर? जे चाललंय त्यालाच स्टँडर्ड म्हणायचं असेल तर रोजचे नग मोजून ४५० मिनिटांना भागलं असतं तरी चाललं असतं.

टाचणी

शंका रास्त आहे. मलाही आकडा बघून जरा जास्तच बरं वाटलं होतं. ओ-रिंगला ९५ दिलं असतं तर शेवटी अर्धा सेकंद कमी झाला असता, आठेक नग वाढले असते. पण तेवढ्याने तुमचा मुद्दा खोडला जात नाही.

जुना_मापाडी

सरळरेषांच्या शंकेला एकच परीक्षा आहे. दुसरा ऑपरेटर घ्या, वेगाने वेगळा. त्यालाही एलिमेंटवार मोजा. वेळ वेगळे येतील, रेटिंग वेगळं येईल, पण रेटिंग लावल्यावरचे वेळ दोघांचे जवळपास सारखे यायला हवेत. नाही आले तर एक तर तुमचं रेटिंग सपाट आहे, म्हणजे हळू माणसाला जास्त आणि जलद माणसाला कमी देताय, किंवा दोघं एकच काम करत नाहीयेत.

टाचणी

चार दिवसांनी परत आलो. दुसरे ऑपरेटर आमच्याकडचे सर्वांत चपळ, तेही ३० सायकली.

बॉडी ३.४ ला ११० रेटिंग, ३.७४ (ताई ३.६९).
ओ-रिंग ८.५ ला ११०, ९.३५ (ताई ९.४०).
स्प्रिंग-प्लंजर ४.१ ला ११०, ४.५१ (ताई ४.७५).
स्क्रूचं हातकाम ५.२ ला ११५, ५.९८ (ताई ६.०८).
बघून ट्रेत ठेवणं ४.० ला १०५, ४.२० (ताई ५.०४).

वरचे चार साधारण ५ टक्क्यांच्या आत आहेत, रिंग तर अगदी चिकटून. निदान ओ-रिंगच्या १०० वर माझा आता विश्वास बसतोय. शेवटचं मात्र १७ टक्क्यांनी पडलंय.

सरळरेषा

रिंगबद्दल मागे घेतो. अर्थात दोघांचं रेटिंग तुम्हीच दिलंय, तेव्हा दोन्हीकडे तुमची एकच खोड असू शकते. दुसऱ्या कोणाकडून एकदा देऊन घ्या.

हातोडी

शेवटच्या एलिमेंटमध्ये ते नग फिरवून बघतात का? की वरून एक नजर टाकली आणि ट्रेत?

टाचणी

आज मुद्दाम बाजूला उभा राहिलो. ताई नग उलटा करून खालच्या कडेने रिंग बाहेर आली नाही ना ते बघतात. हे दुसरे गृहस्थ उलटा करत नाहीत. वरून बघतात आणि ठेवतात. कामाच्या सूचनापत्रावर फक्त "तपासून ट्रेमध्ये ठेवणे" एवढंच आहे.

जुना_मापाडी

मग ही गोष्ट रेटिंगच्या हातातली नाही. त्यांनी काम जलद केलं नाही, कमी केलं. दोघांची सरासरी मात्र काढू नका. तसं केलंत तर नग अर्धा उलटा करण्याचा वेळ स्टँडर्डमध्ये जाईल. उलटा करायचा की नाही हे गुणवत्तावाल्यांनी लेखी द्यावं, आणि तोवर ताईंची पद्धत धरून ४२.१ "तात्पुरता" असा शिक्का मारून लावा.

टाचणी

विचारलं त्यांना. एक जण म्हणाले उलटा करायलाच हवा, दुसरे म्हणाले पुढे गळतीची चाचणी आहेच, कशाला? मीटिंग ठेवलीय.

दरम्यान टूलरूमवाले रिंग सरकवायला प्लास्टिकचा निमुळता कोन बनवून देतायत. तो आला की पिळणं बहुधा थांबेल, पण मग ओ-रिंगचे ९.४ पण गेले आणि १५ नगांत एकदा पण गेलं. ताईंना रेघोट्यांचा नवीन कागद देऊन ठेवलाय.

गडबडगुंडा

कोनाचा फोटो टाका ना. आमच्याकडेही रिंगा पिळतात.